तक्रार निवारण धोरण कसे वाचावे: पायऱ्या, मुदती, समिती आणि सूडापासून संरक्षण

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मंडळाच्या वाचनालयात आपल्या एका सभासदांची कन्या भेटायला आली. डिप्लोमा झाल्यावर ती पिथमपूरच्या एका औषध कारखान्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून लागली, त्याला चार वर्षे झाली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.) तिच्या हातात कंपनीचे अकरा पानांचे 'तक्रार निवारण धोरण' होते. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या काळात तिने साठा मोजणीसाठी ३८ तास जादा काम केले. नियमाप्रमाणे दुप्पट दराने त्याचे ८,३६० रुपये व्हायला हवेत. पगारपत्रकात एक रुपयाही आला नाही. तोंडी दोनदा विचारले, तेव्हा "बघू" असे उत्तर मिळाले.

"काका, हे वाचून सांगा, तक्रार देऊ की नको?" तिचा प्रश्न पैशांपुरता नव्हता. तक्रार दिल्यावर रात्रपाळीत टाकतील, मार्चच्या मूल्यांकनात गुण कापतील, ही धास्ती होती.

आम्ही बँकेत अधिकारी होतो आणि अशा धोरणांच्या दोन्ही बाजूंना बसलो आहोत. अकरा पानांपैकी सात पाने प्रास्ताविक आणि व्याख्यांची होती. खरे काम उरलेल्या चार पानांत होते. ती पाने आम्ही तिच्याबरोबर कशी वाचली ते येथे मांडत आहोत, कारण आपल्या अनेक घरांतील मुले-मुली कारखान्यांत नोकरीला आहेत आणि असा कागद त्यांनाही कधीतरी मिळतोच.

कायदा काय सांगतो

२१ नोव्हेंबर २०२५ पासून 'औद्योगिक संबंध संहिता, २०२०' लागू झाली आहे. तिच्या कलम ४ प्रमाणे ज्या आस्थापनेत वीस किंवा अधिक कामगार आहेत, तेथे वैयक्तिक तक्रारींसाठी तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे. 'कामगार' म्हणजे फक्त यंत्रावर उभा असलेला माणूस नव्हे. कारकुनी आणि तांत्रिक काम करणारेही त्यात येतात, म्हणून ही मुलगी त्यात बसते. व्यवस्थापकीय पदावरील माणसे आणि ठरावीक पगाराच्या वरचे पर्यवेक्षक मात्र बसत नाहीत. त्यांना कंपनीच्या स्वतःच्या धोरणाचाच आधार असतो.

यापूर्वी औद्योगिक विवाद कायद्यात २०१० साली घातलेले कलम ९-क होते. त्यात समितीचे सदस्य जास्तीत जास्त सहा आणि मुदत पंचेचाळीस दिवस होती. नव्या संहितेत सदस्य जास्तीत जास्त दहा आणि मुदत तीस दिवस आहे. या मुलीच्या हातातले धोरण २०२४ मध्ये छापलेले होते, म्हणजे जुन्या कायद्यावर बेतलेले. त्यात अजून 'सहा सदस्य' आणि 'पंचेचाळीस दिवस' असेच होते. सहा सदस्य आजही चालतात, कारण दहा ही फक्त वरची मर्यादा आहे. पंचेचाळीस दिवसांचा आकडा मात्र तिला महागात पडला असता. तो कसा, ते पुढे पाहू.

पायऱ्या

धोरणात तीन पायऱ्या होत्या. पहिली पायरी थेट वरिष्ठ, म्हणजे तिचे सेक्शन इन्चार्ज, मुदत तीन कामाचे दिवस. दुसरी पायरी विभागप्रमुख आणि एच.आर. मिळून, मुदत सात कामाचे दिवस. तिसरी पायरी समिती.

पहिल्या दोन पायऱ्या कंपनीने आपल्या सोयीसाठी ठेवलेल्या असतात आणि त्या वाईट नाहीत. हजेरीपत्रकात तास चुकून टाकलेच नसतील तर इन्चार्ज ते एका दिवसात दुरुस्त करू शकतो. त्यासाठी समिती बोलावण्याचे कारण नाही. पायऱ्या वाचताना आम्ही तीन गोष्टी शोधतो.

पहिली, उत्तर आलेच नाही तर काय? "तीन दिवसांत उत्तर दिले जाईल" एवढेच लिहिलेले असेल तर न आलेल्या उत्तराची वाट पाहत माणूस महिनोन्महिने बसतो. "मुदतीत उत्तर न मिळाल्यास तक्रारदार पुढच्या पायरीकडे जाऊ शकेल" हे वाक्य हवे. तिच्या धोरणात ते होते.

दुसरी, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच पहिल्या पायरीवर बसला असेल तर? जादा तासांवर सही न करणारा इन्चार्जच असेल, तर त्याच्याकडे तक्रार नेण्यात अर्थ नाही. अशा वेळी ती पायरी वगळता येईल, असे धोरणात स्पष्ट असावे. तिच्या धोरणात याबद्दल काही नव्हते.

तिसरी, कोणती तक्रार या वाटेने जातच नाही? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाची तक्रार या समितीकडे नेऊ नये. त्यासाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे वेगळी अंतर्गत समिती असते. तिची अध्यक्ष महिला असते, निम्म्या सदस्य महिला असतात, एक सदस्य बाहेरचा असतो. तेथे तक्रारीची मुदत मुळात तीन महिन्यांची आहे. चुकीच्या दारात उभे राहून ती मुदत घालवू नये.

मुदती: कालनिर्णय समोर ठेवून

वाचनालयाच्या भिंतीवरचे कालनिर्णय काढून आम्ही टेबलावर ठेवले आणि तारखा मांडल्या.

समजा, तिने सोमवार २ फेब्रुवारी २०२६ रोजी इन्चार्जना लेखी अर्ज दिला. अर्ज दिला तो दिवस धरायचा नाही आणि रविवार सोडायचा. तीन कामाचे दिवस गुरुवार ५ फेब्रुवारीला संपतात. उत्तर नाही. शुक्रवार ६ फेब्रुवारीला तोच अर्ज दुसऱ्या पायरीवर. सात कामाचे दिवस शनिवार १४ फेब्रुवारीला संपतात. पुन्हा उत्तर नाही. सोमवार १६ फेब्रुवारीला समितीकडे अर्ज.

येथून संहितेचे घड्याळ सुरू होते. समितीने अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत काम पूर्ण करायचे आहे. १६ फेब्रुवारीपासून तीस दिवस म्हणजे १८ मार्च, पाडव्याचा आदला दिवस. हे तीस दिवस साधे आहेत, कामाचे नव्हेत, रविवार आणि सुट्ट्या त्यात धरल्या जातात.

१८ मार्चपर्यंत निर्णय झाला नाही, किंवा झालेला मान्य नाही, तर पुढची वाट सरकारी समेट अधिकाऱ्याकडे जाते. त्यासाठी साठ दिवस मिळतात. निर्णय झाला असेल तर ते निर्णयाच्या तारखेपासून, झाला नसेल तर तीस दिवस संपल्यापासून. १८ मार्चपासून साठ दिवस १७ मे रोजी भरतात. त्या दिवशी रविवार आहे, म्हणून अर्ज शुक्रवार १५ मेपर्यंत पोचलेला बरा. हा अर्ज युनियनमार्फत देता येतो आणि युनियन नसेल तर स्वतःही देता येतो.

आता पंचेचाळीस दिवसांचा घोळ पाहा. छापील धोरणावर विसंबून तिने समितीसाठी २ एप्रिलपर्यंत वाट पाहिली असती आणि त्यानंतर साठ दिवस मोजले असते, तर तिच्या हिशेबाने शेवटची तारीख १ जून आली असती. प्रत्यक्षात मुदत १७ मे रोजीच संपलेली असती. पंधरा दिवसांचा उशीर, आणि तोही कंपनीचाच कागद प्रामाणिकपणे वाचल्यामुळे. म्हणून धोरणातील मुदत कायद्यातील मुदतीपेक्षा लांब असेल तर कायद्याचीच धरावी.

आणखी एक घड्याळ मागे चालू असते. तक्रारीचे कारण घडल्यापासून एका वर्षाच्या आत समितीकडे अर्ज जायला हवा. ऑक्टोबरच्या जादा कामाचा पगार ७ नोव्हेंबरला झाला आणि त्यात रक्कम नव्हती, तर ऑक्टोबरच्या तासांचे वर्ष तेव्हापासून मोजणे सुरक्षित. "बोलणे चालू आहे" म्हणून हे घड्याळ थांबते असे धरून चालू नये. तोंडी आश्वासनांवर आठ-दहा महिने गेलेली प्रकरणे आम्ही पाहिली आहेत.

प्रत्येक पायरीवर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच देण्यास कोणी नकार दिला तर त्याच दिवशी ईमेल करावा. पोच नसेल तर वरची एकही तारीख सिद्ध करता येत नाही.

समितीत कोण बसते

संहितेप्रमाणे समितीत मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असावेत. अध्यक्षपद दरवर्षी आळीपाळीने एकेका बाजूकडे जावे. महिलांचे प्रमाण एकूण कामगारांतील महिलांच्या प्रमाणापेक्षा कमी नसावे.

या कारखान्यात १४० कामगार आहेत आणि त्यांत ३५ महिला, म्हणजे एक चतुर्थांश. सहा जणांच्या समितीत एक चतुर्थांश म्हणजे दीड. दीड माणूस बसवता येत नाही, आणि एक महिला ठेवली तर प्रमाण कमी पडते, म्हणून दोन हव्यात. धोरणाच्या शेवटच्या पानावरील यादीत एकच महिला होती. अध्यक्षस्थानी एच.आर. प्रमुख होते आणि मुलीच्या सांगण्याप्रमाणे ती आली तेव्हापासून तेच आहेत. म्हणजे आळीपाळी झालेलीच नाही. कामगार प्रतिनिधींपुढे "व्यवस्थापनाने नियुक्त" असे लिहिले होते.

हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे, कारण निर्णय कसा होतो याबद्दल संहितेत एक खास अट आहे. नुसते बहुमत पुरत नाही. कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्याहून अधिक जणांची निर्णयाला संमती लागते. नाहीतर समिती निर्णयापर्यंत पोचलीच नाही असे मानले जाते.

सहा जणांची समिती घ्या, तीन मालकाचे आणि तीन कामगारांचे. तक्रार फेटाळावी असे मालकाच्या तिघांचे मत पडले आणि कामगारांपैकी एक त्यांच्या बाजूने गेला. चार विरुद्ध दोन, बहुमत झाले. पण तीन कामगार प्रतिनिधींपैकी एकाचीच संमती आहे आणि किमान दोघांची हवी. म्हणून हा निर्णय नव्हे. "तुमची तक्रार बहुमताने फेटाळली" असे पत्र आले तर कोणी कसे मत दिले हे इतिवृत्तात आहे का, ते विचारावे. निर्णय झालेला नसेल तर तीस दिवस संपल्यापासून साठ दिवसांची वाट तिला मोकळीच असते.

या अटीचा उपयोग कामगार प्रतिनिधी खरे असतील तरच होतो. व्यवस्थापनाने आपल्या मर्जीतील तिघे बसवले तर दोघांची संमती मिळवणे अवघड नाही. म्हणून प्रतिनिधी कसे निवडले, सूचना लागली होती का, कामगारांना विचारले होते का, हे पाहावे. तसेच ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या सदस्याने त्या बैठकीत बसू नये आणि त्याच्या जागी त्याच बाजूचा दुसरा सदस्य यावा, हे वाक्य धोरणात हवे.

सूडापासून संरक्षण

आता तिच्या मूळ धास्तीकडे येऊ. धोरणात याविषयी एकच वाक्य होते: "तक्रारदारास कोणत्याही प्रकारे त्रास दिला जाणार नाही."

असे वाक्य आम्ही पूर्वी वाचलेले आहे. आम्ही शाखेत असताना एका कारकुनाने कार्यकारी भत्त्याबद्दल रीतसर तक्रार केली होती. दीड महिन्यात त्यांची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली. कारण लिहिले होते 'प्रशासकीय गरज'. ती बदली सुचवणाऱ्या टिपणावर आमची सही होती. वरून विचारणा आली, आम्ही लिहून दिले. त्या शाखेत तशी गरज होती का, असे कोणी विचारले नाही आणि आम्हीही स्वतःला विचारले नाही. भत्ता त्यांना पुढे मिळाला, पण बदली रद्द झाली नाही. मुलांची शाळा वर्षाच्या मध्येच बदलावी लागली. त्या वेळच्या धोरणातही 'त्रास दिला जाणार नाही' हे वाक्य होते. त्याने काहीही अडले नाही, कारण त्रास म्हणजे काय, तो किती काळ द्यायचा नाही आणि दिला तर जाब कोणी विचारायचा, यांपैकी एकही गोष्ट त्यात नव्हती.

संहितेच्या कलम ४ मध्येही तक्रारदाराच्या संरक्षणाचे वेगळे कलम नाही. सूडापोटी कामावरून काढणे ही अनुचित कामगार प्रथा आहे आणि ती संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. प्रकरण समेट अधिकाऱ्यापुढे चालू असताना वादाशी संबंधित सेवाशर्ती कामगाराच्या विरोधात बदलण्यावरही बंधन येते. पण समितीच्या पहिल्या तीस दिवसांत, आणि नोकरीवरून न काढता दिलेल्या बारीकसारीक त्रासात, मुख्य आधार कंपनीच्या धोरणाचाच असतो. म्हणून ते कलम नेमके असावे लागते.

त्यात पहिल्यांदा कृत्यांची नावे हवीत: बदली, पाळी किंवा काम बदलणे, रजा नाकारणे, जादा काम देणे बंद करणे, मूल्यांकनात गुण कमी करणे, कराराचे नूतनीकरण न करणे, एकाएकी मेमो देणे.

मग काळ हवा. तक्रार दिल्याच्या दिवसापासून निकालानंतर किमान सहा महिने, आणि वार्षिक मूल्यांकन मध्ये येत असेल तर ते पूर्ण होईपर्यंत. सूड लगेच उगवला जातोच असे नाही. तो बहुधा पुढच्या मूल्यांकनाची वाट पाहतो.

तिसरे, कारण दाखवण्याचे ओझे कोणावर. त्या काळात वरीलपैकी काही करायचे झाल्यास ते तक्रारीशिवायही झाले असते, हे व्यवस्थापनाने लेखी दाखवावे आणि मंजुरी तक्रारीत नाव नसलेल्या वरिष्ठाने द्यावी. आमच्या टिपणाला ही अट असती, तर 'प्रशासकीय गरज' या दोन शब्दांवर ते पुढे गेले नसते.

चौथे, वेगळी आणि छोटी वाट. सूडाची तक्रार पुन्हा इन्चार्जपासून सुरू करायला लावू नये. ती थेट समितीकडे जावी, समितीने सात दिवसांत पाहावी आणि तोपर्यंत तो आदेश थांबवावा. हेच संरक्षण साक्षीदारांना आणि कामगार प्रतिनिधींनाही हवे. पगारपत्रकाबद्दल खरे सांगणारा सहकारी बहुधा आधी अडचणीत येतो.

एक सावधगिरी. बहुतेक धोरणांत 'खोटी तक्रार केल्यास कारवाई' असे वाक्य असते. त्यात 'जाणूनबुजून' हा शब्द आहे का ते पाहावे. सिद्ध न झालेली तक्रार आणि खोटी तक्रार यांत फरक आहे. तो धोरणात नसेल तर तेच वाक्य धमकीसारखे वापरले जाते.

सूड ओळखायचा कसा

धोरणात हे सगळे नसले तरी तक्रारदाराच्या हातात एक गोष्ट असते: तक्रारीच्या आधीची स्थिती. त्या मुलीला आम्ही सांगितले की अर्ज देण्याआधी मागील बारा महिन्यांचे पाळीचे तक्ते, रजेचे अर्ज, दोन वर्षांची मूल्यांकने आणि पगारपत्रके, म्हणजे तिला रीतसर मिळालेले कागद, घरी एका फाइलमध्ये लावून ठेव. बारा महिन्यांत तिला तीन आठवडे रात्रपाळी आली असेल आणि तक्रारीनंतरच्या दोन महिन्यांतच सहा आठवडे आली, तर ती तुलना आपोआप बोलते. सगळ्या विभागालाच रात्रपाळी वाढली असेल, तर तो सूड नव्हे, हेही त्याच तक्त्यावरून कळते. प्रत्येक बदल वाईट हेतूनेच होतो असे नाही, आणि ते तपासायलाही आधीचे कागदच लागतात.

तिने अर्ज तेथेच बसून लिहिला. एक पान, जादा कामाच्या तारखा आणि तासांचा तक्ता, मागणी ८,३६० रुपये, आणि शेवटी एक विनंती: अर्ज प्रलंबित असताना माझी पाळी किंवा काम बदलल्यास त्याचे कारण लेखी कळवावे. धोरणात नसलेली अट अर्जात घातल्याने कंपनी बांधली जात नाही, पण पुढे बदल झाला तर कारण मागितल्याची नोंद तारखेसह राहते. वडिलांनी दोनदा वाचून पाहिला आणि "दे" म्हणाले. जाताना तिने कालनिर्णयाच्या पानांचे फोटो काढून घेतले, फेब्रुवारी ते मे.

ज्या सभासदांकडे आपल्या कंपनीचे धोरण आहे, त्यांनी रविवारी सकाळी ते घेऊन वाचनालयात यावे. शेवटच्या चार पानांपासून वाचायला सुरुवात करू.